गर्भधारणेसाठी गोळ्या : काय चालू ठेवावे, काय थांबवावे

प्रश्न : माझे वय ३१ आणि पतींचे ३४ आहे. आम्ही आठ महिन्यांपासून बाळासाठी प्रयत्न करत आहोत. पतींच्या पहिल्या वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या मिलिलिटरला १ कोटी ३० लाख आली. नणंदेच्या सांगण्यावरून त्यांनी झिंकची ५० मिलिग्रॅमची गोळी आणि पुरुषांच्या प्रजननक्षमतेसाठी म्हणून मिळणारी एक कॅप्सूल सुरू केली. त्या कॅप्सूलमध्येही २० मिलिग्रॅम झिंक आहे, शिवाय सेलेनियम, कार्निटिन, कोएन्झाइम क्यू-टेन, क आणि ई जीवनसत्त्वे आहेत. सहा आठवड्यांनी संख्या १ कोटी ८० लाख झाली. पहिल्या वेळी दोन दिवसांचा आणि दुसऱ्या वेळी पाच दिवसांचा संयम पाळला होता. माझे ड जीवनसत्त्व १४ आणि त्यांचे १७ आले, म्हणून दोघेही चार महिन्यांपासून आठवड्याला ६०,००० युनिट घेत आहोत. मी केसांसाठी बायोटिनची गोळी आणि एक मल्टिव्हिटॅमिनही घेते. फॉलिक ॲसिड दिवस गेल्यावर सुरू करायचे ठरवले आहे. यातले काय चालू ठेवावे? झिंकचा गुण आला असेल तर मात्रा वाढवावी का?

— एक वाचक

उत्तर : तुमच्या यादीत जी गोळी तुम्ही पुढे ढकलली आहे, तीच सर्वांत आधी हवी, म्हणून सुरुवात तिथून करते. फॉलिक ॲसिड आजपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू करा. तुमच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते किती आहे हे आधी पाहा; त्यात ४०० मायक्रोग्रॅम असेल तर वेगळ्या गोळीची गरज नाही.

दिवस गेल्यावर सुरू करून का चालत नाही, हे दिवसांच्या हिशेबाने लगेच लक्षात येते. गर्भाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतो, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकते तेव्हा गर्भधारणेला सुमारे दोन आठवडे होऊन गेलेले असतात. त्यानंतर काही दिवस वाट पाहून तपासणी करायची, डॉक्टरांची वेळ घ्यायची आणि मग गोळी आणायची, एवढे होईपर्यंत ती नळी मिटण्याचे काम बहुतेक उरकलेले असते. शिवाय शरीरातील फॉलेटची पातळी पुरेशी वाढायलाही काही आठवडे लागतात. म्हणून गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून, शक्य असल्यास दोन-तीन महिने आधीपासून, आणि पुढे गर्भारपणाच्या बाराव्या आठवड्यापर्यंत ही गोळी घ्यावी असे सांगितले जाते. आधीच्या गर्भात कण्याचा किंवा मेंदूचा असा दोष राहिला असेल, तुम्हाला मधुमेह असेल किंवा तुम्ही फिट्सवरची काही औषधे घेत असाल, तर मात्रा दहा पट म्हणजे ४ ते ५ मिलिग्रॅम लागू शकते. ती मात्र डॉक्टरांनीच ठरवायची असते. आधीच्या गर्भात दोष राहिलेल्या स्त्रियांना ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्यास तो पुन्हा होण्याचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक घटते, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने दाखवून दिले.

इथे एक भेद मनात पक्का ठेवावा, कारण पुढचे सगळे उत्तर त्यावरच उभे आहे. फॉलिक ॲसिडने दिवस लवकर राहतात असे कोणी सिद्ध केलेले नाही. ते बाळाच्या एका गंभीर दोषापासून संरक्षण देते, आणि हे काम भक्कम पुराव्याने सिद्ध झालेले आहे. ‘गर्भधारणेसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गोळीला हाच प्रश्न विचारावा, की ती नेमके काय करते आणि ते कशावरून कळले.

आता झिंक. तुमची आशा मला समजते. आकडा १ कोटी ३० लाखांवरून १ कोटी ८० लाखांवर गेला, मध्ये फक्त गोळ्यांची भर पडली, तेव्हा गुण गोळ्यांचाच असणार, असे कोणालाही वाटेल. पण तुम्ही दिलेल्या माहितीतच दुसरी दोन स्पष्टीकरणे आहेत आणि ती अधिक बळकट आहेत.

पहिले स्पष्टीकरण संयमाच्या दिवसांचे. पहिला नमुना दोन दिवसांनी दिला आणि दुसरा पाच दिवसांनी. शुक्राणू साठत जातात, त्यामुळे अंतर वाढले की संख्याही वाढते. दोन ते सात दिवसांचे अंतर तपासणीसाठी मान्य आहे, म्हणून दोन्ही नमुने नियमात बसतात. पण त्यांची एकमेकांशी तुलना करायची असेल तर अंतर सारखेच हवे. त्यात एकाच निरोगी पुरुषाचे दोन नमुनेही सारखे येत नाहीत. काही आठवड्यांच्या अंतराने, कोणतेही औषध न घेता, संख्या दीडपट होणे किंवा तेवढीच खाली येणे ही नित्याची गोष्ट आहे. म्हणूनच एका तपासणीवर निदान करू नये असा दंडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे मिलिलिटरला १ कोटी ६० लाख ही संदर्भाची खालची मर्यादा आहे. तुमच्या पतींचा एक आकडा तिच्या थोडा खाली आणि दुसरा थोडा वर आहे. याचा अर्थ ते आजारी होते आणि बरे झाले असा नाही. ते सीमेच्या आसपास आहेत, एवढाच आहे.

दुसरे स्पष्टीकरण वेळेचे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि त्यानंतर वाहिन्यांतून बाहेर पडेपर्यंत आणखी एक-दोन आठवडे जातात. म्हणजे दुसऱ्या नमुन्यात जे शुक्राणू मोजले गेले, त्यांची घडण कॅप्सूलची पहिली बाटली उघडण्याआधीच सुरू झालेली होती. वीर्यावर कोणत्याही उपायाचा परिणाम पाहायचा तर किमान तीन महिने थांबावे लागते. सहा आठवड्यांत दिसलेल्या वाढीचे श्रेय गोळीला देता येत नाही.

झिंकची ही कीर्ती आली कुठून? ती निराधार नव्हती, हे सांगितले पाहिजे. वीर्यात झिंकचे प्रमाण भरपूर असते आणि त्याची खरी, गंभीर कमतरता असेल तर वृषणांच्या कामावर परिणाम होतो. २००२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी प्रजननक्षमता कमी असलेल्या सुमारे शंभर पुरुषांना फॉलिक ॲसिड व झिंक यांच्या वेगवेगळ्या जोड्या २६ आठवडे दिल्या. दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत सामान्य शुक्राणूंची एकूण संख्या ७४ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. हा आकडा पुढे वर्षानुवर्षे जाहिरातींत फिरत राहिला. पण त्या अभ्यासात शुक्राणू मोजले होते, जन्मलेली बाळे मोजली नव्हती, आणि प्रत्येक गटात माणसे थोडी होती.

खरी कसोटी २०२० मध्ये लागली. अमेरिकेत उपचारासाठी आलेल्या २,३७० जोडप्यांची चाचणी झाली. त्यातील निम्म्या पुरुषांना सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम झिंक आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिले, उरलेल्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली, आणि कोणाला काय मिळते आहे हे ना त्यांना माहीत होते ना तपासणाऱ्यांना. शेवटी मोजले ते बाळांचे जन्म. झिंक घेणाऱ्यांच्या गटात ३४ टक्के जोडप्यांना बाळ झाले, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ३५ टक्के जोडप्यांना. शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार यांतही फरक पडला नाही. उलट शुक्राणूंमधील डीएनए तुटण्याचे प्रमाण झिंकच्या गटात किंचित जास्त निघाले, २९.७ टक्के विरुद्ध २७.२ टक्के. पोटदुखी, मळमळ आणि उलट्या यांच्या तक्रारीही त्याच गटात जास्त होत्या. ज्याला झिंकची कमतरता नाही अशा पुरुषाने ते बाळासाठी घ्यावे, असे सांगायला या चाचणीनंतर आधार उरलेला नाही.

कॅप्सूलच्या बाटलीवर झिंक हे प्रजननाच्या सामान्य कार्याला हातभार लावते अशा अर्थाचे वाक्य असेल, तर ते खोटे नाही. युरोपीय संघाने तसे वाक्य छापायला परवानगीही दिलेली आहे. पण त्या वाक्यात एवढेच सांगितलेले असते, की शरीराला या कामासाठी झिंक लागते. अधिक झिंक घेतल्याने काम अधिक चांगले होईल, असे ते म्हणत नाही. वाचणारा मात्र नेमके तेच वाचतो.

मात्रा वाढवण्याचा तर विचारच नको, कारण सध्याचीच मात्रा बहुधा जास्त आहे. प्रौढ पुरुषाला दिवसाला ११ मिलिग्रॅम झिंक पुरते आणि बाहेरून व आहारातून मिळून ४० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. गोळीचे ५० आणि कॅप्सूलचे २० मिळून ७० मिलिग्रॅम होतात, आणि जेवणातले वेगळेच. मात्र हा हिशेब पक्का करण्याआधी गोळीचे लेबल नीट वाचा. ‘एलिमेंटल झिंक ५० मिलिग्रॅम’ असे लिहिले असेल तर तेवढे झिंक खरोखर आहे. ‘झिंक सल्फेट ५० मिलिग्रॅम’ असे असेल तर तो पूर्ण क्षाराचा आकडा असू शकतो आणि त्यातले प्रत्यक्ष झिंक अकरा-बारा मिलिग्रॅमच्या आसपास भरते. झिंक ग्लुकोनेट असेल तर सातच्या आसपास. झिंक सल्फेटच्या नेहमीच्या २२० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष झिंक ५० मिलिग्रॅम असते, यावरून हे प्रमाण ध्यानात येईल.

रोज ७० मिलिग्रॅम घेतल्याने लगेच काही दिसत नाही, फार तर तोंडाला धातूसारखी चव येते किंवा रिकाम्या पोटी मळमळते. अडचण महिनोन्‌महिने घेतल्यावर येते. जास्त झिंक आतड्यातून तांबे शोषू देत नाही, आणि तांबे कमी पडले की रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात, हातापायांना मुंग्या व बधिरपणा येतो. हा रक्तक्षय लोहाच्या गोळ्यांनी हटत नाही, आणि तो झिंकमुळे आहे हे बरेचदा उशिरा लक्षात येते, कारण रुग्ण झिंकला औषध समजत नाही आणि डॉक्टरांना त्याबद्दल सांगत नाही. सहा आठवड्यांत इथवर मजल जात नाही, म्हणून घाबरू नका. गोळी थांबवली की पुरे.

कॅप्सूलचे काय? तिच्यात जे एकत्र केले आहे त्याच्या अगदी जवळचे मिश्रण एका चाचणीत तपासलेले आहे. क व ई जीवनसत्त्वे, सेलेनियम, कार्निटिन, झिंक, फॉलिक ॲसिड आणि लायकोपिन असे ते मिश्रण होते. वीर्यतपासणीत दोष असलेल्या सुमारे १७० पुरुषांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार किंवा डीएनएची स्थिती, कशातच सुधारणा दिसली नाही. सहा महिन्यांत दिवस राहून पुढे बाळ झालेल्या जोडप्यांचे प्रमाण मिश्रण घेणाऱ्यांत १५ टक्के आणि न घेणाऱ्यांत २४ टक्के होते. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, म्हणून मिश्रणाने नुकसान झाले असे मी म्हणणार नाही. पण फायदा झाला असेही कोणाला म्हणता येणार नाही.

पेशींची झीज रोखणाऱ्या अशा घटकांच्या, म्हणजे अँटिऑक्सिडंटच्या, बाजूने काहीच पुरावा नाही, असेही नाही. छोट्या चाचण्या पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेकांत फायदा दिसतो. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या परीक्षकांनी २०२२ मध्ये अशा ९० अभ्यासांचा आढावा घेतला. सगळे एकत्र धरले तर बाळ होण्याची शक्यता वाढते असे दिसते; पण ज्या अभ्यासांची पद्धत सदोष होती ते बाजूला काढले की तो फायदा उरत नाही. कोएन्झाइम क्यू-टेनही याच वर्गातले आहे. त्याने काही अभ्यासांत शुक्राणूंची हालचाल थोडी सुधारलेली दिसते, परंतु त्यामुळे बाळे अधिक झाली हे कोणी दाखवलेले नाही. सिद्ध नाही याचा अर्थ खोटे ठरले असा नव्हे, हे मला मान्य आहे. पण विकणारा मात्र सिद्ध झाल्यासारखे बोलतो, आणि त्याच्यावर विश्वास ठेवून तपासणीचे महिने वाया जातात, याची मला खरी काळजी वाटते.

आता ड जीवनसत्त्वाकडे येते. इथे माझे उत्तर झिंकसारखे सरळ ‘बंद करा’ असे नाही. तुमचा १४ आणि पतींचा १७ हा आकडा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरचा असावा. अहवालावर एकक एकदा पाहून घ्या. त्या एककात २० च्या खाली कमतरता मानतात, तेव्हा दोघांनाही ती होती आणि भरून काढणे योग्यच होते. हाडांसाठी ते हवे आणि पुढे गर्भारपणासाठीही हवे. प्रश्न एवढाच आहे, की त्यामुळे दिवस लवकर राहतात का.

निरीक्षणात्मक अभ्यासांत असा संबंध दिसतो: ज्यांचे ड जीवनसत्त्व पुरेसे आहे त्यांच्यात टेस्ट-ट्यूब बेबीच्या उपचारांना यश जास्त. परंतु ज्या व्यक्तीचे वजन आटोक्यात आहे, जी उन्हात फिरते, जिची तब्येत एकूणच चांगली आहे, तिच्यात ड जीवनसत्त्वही जास्त असते आणि गर्भधारणाही सोपी असते. म्हणून एक दुसऱ्याचे कारण आहे असे म्हणता येत नाही. हे सोडवायला इटलीत एक चाचणी झाली. टेस्ट-ट्यूब बेबीचा उपचार घेणाऱ्या आणि ड जीवनसत्त्व ३० पेक्षा कमी असलेल्या ६३० स्त्रियांपैकी निम्म्यांना एकदाच ६ लाख युनिटची मात्रा दिली आणि निम्म्यांना औषध नसलेली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा गर्भ राहण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ३७ टक्के आणि दुसऱ्या गटात ४० टक्के होते. पातळी वाढली, यश वाढले नाही.

पुरुषांबाबत कोपनहेगनमध्ये ड जीवनसत्त्व कमी असलेल्या ३३० पुरुषांवर झालेली चाचणी महत्त्वाची आहे. पाच महिने ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम देऊन वीर्याची गुणवत्ता बदलली नाही. मात्र ज्यांचे शुक्राणू मुळातच कमी होते अशा छोट्या गटात औषध घेणाऱ्यांकडे बाळे जास्त जन्मली. तुमचे पती सीमेवर असल्यामुळे कोणी तुम्हाला हा मुद्दा दाखवेल, म्हणून आधीच सांगते. मोठ्या चाचणीच्या एका तुकड्यात असा निकाल नुसत्या योगायोगानेही येतो. तो खरा आहे का हे पाहायला फक्त तशा पुरुषांची वेगळी चाचणी लागते. तोपर्यंत त्यांनी कमतरता भरून काढावी, त्यापेक्षा जास्त घेऊ नये.

आणि इथेच तुमचे गणित बिघडले आहे. ६०,००० युनिटची साप्ताहिक मात्रा ही भरपाईची मात्रा आहे. ती साधारण आठ आठवडे घेऊन थांबवायची असते आणि पुढे रोजच्या छोट्या मात्रेवर यायचे असते. चार महिने म्हणजे सुमारे १७ मात्रा, एकूण १० लाखांहून अधिक युनिट. दिवसाला वाटून पाहिले तर साडेआठ हजार युनिट होतात, आणि स्वतःच्या मनाने दीर्घकाळ घेण्याची वरची मर्यादा ४,००० आहे. बहुधा डॉक्टरांनी आठ आठवड्यांसाठी लिहून दिले असेल आणि पुढे ते तसेच चालू राहिले असेल. असे फार घरांत होते. ड जीवनसत्त्व मेदात साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही. ते फार वाढले की रक्तातले कॅल्शियम वाढते. मग तहान लागते, लघवीला वारंवार जावे लागते, बद्धकोष्ठता, मळमळ, थकवा येतो, आणि पुढे मूतखडा किंवा मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. ही लक्षणे इतकी सामान्य आहेत की त्यांचा संबंध जीवनसत्त्वाशी कोणी लावत नाही.

तेव्हा दोघांनीही साप्ताहिक मात्रा आजच थांबवा आणि रक्तातील २५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व व कॅल्शियम तपासून घ्या. पातळी २० च्या वर पोहोचली असेल आणि कॅल्शियम सामान्य असेल, तर रोज ६०० युनिट पुरतात आणि ती तुमच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये असूही शकतात. कॅल्शियम वाढलेले निघाले तर ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम असलेले सगळेच थांबवून लगेच डॉक्टरांना भेटा. इतक्या मात्रांनंतरही पातळी १४ च्या आसपासच असेल, तर गोळी शोषली जात नाही की घेण्यात खंड पडतो, हे शोधावे लागेल. अशा वेळी मात्रा वाढवणे हे उत्तर नव्हे.

तुमच्या दोन गोळ्यांविषयी थोडे लिहिते. मल्टिव्हिटॅमिनवर अ जीवनसत्त्व कोणत्या रूपात आहे हे पाहा. रेटिनॉल, रेटिनिल पामिटेट किंवा रेटिनिल ॲसिटेट असे लिहिले असेल तर सगळ्या गोळ्या मिळून ते दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम म्हणजे १०,००० युनिटच्या खूप खाली असले पाहिजे, कारण जास्त मात्रेने गर्भात दोष होऊ शकतात. बीटा-कॅरोटिनबाबत ही भीती नाही. गर्भारपणासाठी म्हणून बनवलेल्या गोळ्यांत हे आधीच सांभाळलेले असते. साध्या किंवा त्वचा-केसांसाठीच्या गोळ्यांत तशी खात्री नसते.

बायोटिनचा धोका वेगळाच आहे. ते शरीराला सहसा इजा करत नाही, तपासणीला करते. शरीराला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरते आणि केसांच्या गोळीत ५ किंवा १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट असते. इतके बायोटिन रक्तात असताना काही यंत्रांवर थायरॉइड मंद असताना वाढणारे टीएसएच खोटे कमी आणि थायरॉइडची संप्रेरके खोटी जास्त दिसतात. थायरॉइड मंद असलेल्या स्त्रीचा अहवाल मग सामान्य येतो, आणि मंद थायरॉइड हे गर्भ न राहण्याचे, सहज उपचार होणारे कारण हातातून निसटते. तुमची थायरॉइडची तपासणी ही गोळी चालू असताना झाली असेल, तर गोळी काही दिवस बंद ठेवून ती पुन्हा करा. केस गळण्यावर तिचा उपयोग कमतरता नसताना सिद्ध झालेला नाही, त्यामुळे ती कायमची सोडली तरी काही बिघडत नाही.

इनोसिटॉलबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी पाळी अनियमित असेल तर कोणी ना कोणी ते सुचवेल. पीसीओएस हा बीजकोशांचा विकार असलेल्या स्त्रियांत ते निरुपद्रवी दिसते, पण बाळ होण्याची शक्यता त्याने वाढते असा पक्का पुरावा नाही; बीजनिर्मिती घडवणाऱ्या औषधांची जागा ते घेऊ शकत नाही. आहारात मांस, अंडी, दूध यांपैकी काहीच नसेल तर बी-१२ तपासून घ्यावे, कारण फॉलिक ॲसिड एकटे घेतल्याने बी-१२ च्या कमतरतेतला रक्तक्षय झाकला जातो आणि नसांचे नुकसान आतल्या आत चालू राहते.

एक गोष्ट पतींना शांतपणे विचारा: व्यायामशाळेतून किंवा इतर कुठून स्नायू वाढवणारी इंजेक्शने, गोळ्या किंवा पूड ते घेतात का. बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा तत्सम संप्रेरक मिळाले की मेंदू वृषणांना काम करायचा संदेश देणे थांबवतो आणि शुक्राणू कमी होतात, कधी शून्यावर येतात. ताकद वाढवणारे म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पदार्थांत अशी संप्रेरके लेबलावर न लिहिता मिसळलेली सापडली आहेत. ‘पुरुषी संप्रेरक वाढवते’ असा दावा असलेली कोणतीही गोळी बाळाच्या प्रयत्नांत असताना घेऊ नये. याचा उलगडा झाला तर झिंकच्या शंभर गोळ्यांपेक्षा जास्त उपयोग होईल.

पुढची वीर्यतपासणी झिंक आणि कॅप्सूल थांबवल्यापासून तीन महिन्यांनी करा. संयम दर वेळी तितक्याच दिवसांचा, उदाहरणार्थ तीन, ठेवा आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत नमुना द्या. मधल्या काळात जोराचा ताप येऊन गेला तर तारीख आणखी तीन महिने पुढे न्या, कारण ताप शुक्राणूंची एक पूर्ण फेरी बिघडवू शकतो. ३५ च्या आतल्या जोडप्याला साधारणपणे एक वर्ष प्रयत्न करून मग तपासणीला या असे सांगतात. पण तुमच्याकडे एक सीमेखालचा अहवाल आहे, म्हणून वर्ष पूर्ण व्हायला उरलेले चार महिने थांबू नका. पतींना मूत्रविकारतज्ज्ञ किंवा पुरुष-वंध्यत्व पाहणाऱ्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासून घ्या. वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा हाताला लागतात, त्या कोणत्याही कॅप्सूलने जात नाहीत, आणि त्यांवर उपचार आहे. त्याच सुमारास तुमची बीजनिर्मिती नियमित होते का आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत का, हेही पाहून घेतले तर दोघांचे चित्र एकदम समोर येईल. त्या भेटीला जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या आणि पाकिटे, रिकामी झालेलीसुद्धा, पिशवीत घालून सोबत न्या. आठवणीतून सांगितलेल्या यादीत मात्रा चुकतात, आणि डॉक्टरांना हवी असते ती मात्रा लेबलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेली असते.